दूध कुठं घालायचं: सहकारी संस्था, खाजगी डेअरी की घरोघर रतीब? हिशोब असा मांडा

"खाजगीवाला 35 देतोय आणि तू 33 नं संस्थेला घालतोस, येडा का खुळा?" हा प्रश्न मला दर उन्हाळ्यात चावडीवर कुणी ना कुणी विचारतंच. आणि शहरातला पाहुणा आला की तो म्हणतो, आम्ही 60 नं पिशवी घेतो, तुम्ही सरळ घरोघर का नाही विकत. दोघांचंही वरवर बघितलं तर बरोबर वाटतं. मी तिन्ही करून बघितलंय, वही ठेवून, आणि त्यातनं एकच गोष्ट डोक्यात पक्की बसली की फळ्यावरचा दर आणि हातात पडलेला दर ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुलना करायची तर हातात पडलेल्या दराचीच करायची. ती कशी करायची ते खाली सांगतो.

माझं उदाहरण धरून चालू. विट्यापासून 8 किलोमीटरवर गाव, चार संकरित गाया, त्यातल्या तीन दुधात आणि एक भाकड. घरचं आणि वासराचं सोडून रोज 34 लिटर दूध, सकाळी 18 आणि संध्याकाळी 16. म्हणजे महिन्याला 1020 लिटर. दराचे जे आकडे घेतलेत ते माझ्या वहीतले आहेत, तुमच्याकडं दर वेगळा असणार, पण मांडणी तीच राहते. म्हशीचं दूध असेल तर 6.0 फॅट आणि 9.0 एसएनएफचा तक्ता लागतो, बाकी रीत हीच.

पायरी 1: आधी आपलं दूध काय आहे ते बघा

दर विचारायच्या आधी आपल्या दुधाचं फॅट आणि एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधात राहणारा घट्ट भाग, किती टक्के ते माहीत पाहिजे, कारण गाईच्या दुधाचा जाहीर दर असतो तो 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफचा. आपलं दूध त्याच्या वर की खाली ह्यावर सगळा खेळ आहे. ओळीनं तीन दिवस सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळचं तपासून घ्या, एका वेळच्या पावतीवर जाऊ नका. संध्याकाळचं फॅट जास्तच लागतं, कारण सकाळची धार आणि संध्याकाळची धार ह्यातलं अंतर रात्रीपेक्षा कमी असतं. शिवाय धारेचं सुरुवातीचं दूध पातळ आणि शेवटचं घट्ट, त्यामुळं कॅन नीट ढवळून मगच नमुना काढला पाहिजे. वरचं वर नमुना घेतला तर आकडा चुकीचाच येणार, कधी तुमच्या बाजूनं कधी त्याच्या.

अजून एक बारीक गोष्ट. लॅक्टोमीटरवर डिग्री बघत असतील तर धार काढल्या काढल्या गरम, फेसाळ दुधाची डिग्री कमी दिसते. अर्धा-पाऊण तास गेला, फेस बसला की तेच दूध वर येतं. आणि डिग्रीवरनं, सूत्रात तिला CLR लिहितात, एसएनएफ काढायचं सूत्र सगळीकडं एकच नसतं. दोन सूत्रं जास्त दिसतात:

```
SNF = CLR/4 + 0.25 × FAT + 0.44
SNF = CLR/4 + 0.21 × FAT + 0.36
```

आता 3.5 फॅट आणि 28 डिग्रीचं दूध घ्या. पहिल्या सूत्रानं 8.31 येतं, दुसऱ्यानं 8.09. दूध तेच, गाय तीच, आणि पावतीवर दोन पॉइंटचा फरक, एक पॉइंट म्हणजे 0.1. आता बऱ्याच ठिकाणी मशीन आलंय, पण मशीनच्या पोटात पण सेटिंग असतंच. म्हणून एकाच कॅनमधलं ढवळलेलं दूध दोन स्वच्छ बाटल्यांत भरायचं आणि एकाच तासात दोन केंद्रांवर तपासायचं. मी हे केलं तेव्हा संस्थेत 3.7 / 8.4 आलं आणि खाजगीत 3.7 / 8.3. एका पॉइंटचा फरक मी सोडून दिला. दोन-तीन पॉइंटचा लागला असता तर त्या केंद्राचा दर कितीही असो, मी गेलो नसतो.

पायरी 2: दराचा नाही, दरपत्रकाचा फोटो मागा

"दर काय?" असं विचारलं की 35 हेच उत्तर मिळतं. विचारायचं असं की 3.5 च्या वर फॅटला पॉइंटमागं किती वाढ आणि 8.5 च्या खाली एसएनएफला पॉइंटमागं किती कपात. हे दोन आकडे मिळाले की खरा दर घरी बसून काढता येतो.

आमच्या संस्थेचा दर 33, फॅटला पॉइंटमागं 30 पैसे वाढ, एसएनएफला पॉइंटमागं 50 पैसे कपात. माझं दूध 3.7 / 8.4 धरलं तर 33 अधिक 60 पैसे वजा 50 पैसे, म्हणजे 33.10. खाजगीचा दर 35, पण फॅटला 20 पैसेच वाढ आणि एसएनएफला पॉइंटमागं पूर्ण 1 रुपया कपात. तेच दूध तिथं 35 अधिक 40 पैसे वजा 1 रुपया, म्हणजे 34.40. दोन रुपयांचा फरक होता तो 1.30 वर आला.

आता एप्रिल-मे महिन्यात हिरवा चारा संपला, गाया उन्हानं धापा टाकायला लागल्या की एसएनएफ 8.2 ला उतरतं. तेव्हा संस्थेत 32.10 आणि खाजगीत 32.40. फरक राहिला 30 पैसे. म्हणजे ज्याचं दूध घट्ट त्याला खाजगीचा तक्ता परवडतो, ज्याचं पातळ त्याला नाही, आणि गंमत बघा, फळ्यावरचा 35 चा आकडा बघून सगळ्यात आधी पळत जातो तो पातळ दूधवालाच.

वजनाचं पण बघून घ्या. एक लिटर दूध साधारण 1.03 किलो भरतं. काटा किलोत आणि दर लिटरचा असेल तर मधला भागाकार कुठं होतोय ते विचारायचं. आणि काटा 100 मिलीच्या खालचं दाखवतो का सोडून देतो तेही बघायचं. त्या खाजगी केंद्राचा काटा 17.9 च्या पुढं 18.0 च दाखवायचा, मधलं गायब. दर वेळी सरासरी 45 मिली गेलं असं धरा, महिन्यात 60 वेळा दूध घालतो, म्हणजे 2.7 लिटर, साधारण 93 रुपये. फार मोठी रक्कम नाही, लिटरमागं 9 पैसे, पण लिहून ठेवायची.

पायरी 3: संस्थेचा फरक धरा, पण हातात येतो तेवढाच

सहकारी संस्थेत दहा दिवसांच्या बिलावर व्यवहार संपत नाही. वर्षाचा हिशोब झाला की संघ आणि संस्था मिळून दरफरक देतात, आमच्याकडं दिवाळीच्या तोंडावर. आम्हाला गेल्या खेपेला लिटरला 1.50 निघाला. पण त्यातले 50 पैसे ठेव म्हणून कापून घेतले, हातात आला 1 रुपया. ठेवीवर व्याज मिळतं, बुडाली नाही, पण ती मागितल्यावर लगेच मिळत नाही, म्हणून मी तुलनेत 1 रुपयाच धरतो. 33.10 अधिक 1, म्हणजे 34.10.

इथं एक अट बऱ्याच जणांना दिवाळीला कळते. फरक मिळायला संस्थेच्या उपविधीत लिहिलंय तेवढे दिवस, तेवढं दूध घातलेलं असावं लागतं. उन्हाळ्यात दर चढला म्हणून चार महिने खाजगीला पळालात आणि थंडीत परत आलात तर सेक्रेटरी दूध घेईल, नाही म्हणणार नाही, पण फरकाच्या यादीत नाव असेलच असं नाही. आधी जाऊन विचारा, आणि तोंडी नको, उपविधीचं पान दाखवा म्हणा.

संस्थेचं सगळं गोड आहे असं अजिबात नाही. आमच्याकडं गाडी चुकली म्हणून दोनदा सकाळचं दूध परत आणलंय. पशुखाद्य संस्थेचंच घ्या म्हणून बिलातनं परस्पर कपात झालेली आहे, आणि दूध कमी आणि पार्टीबाजी जास्त हे तर सगळ्या गावांत. दर दहा दिवसांचं बिल वाचायचं, कपातीच्या रकान्यात काय काय लिहिलंय ते बघायचं. पण पुष्ट काळात, म्हणजे थंडीत जेव्हा सगळीकडं दूध वाढतं, तेव्हा कॅन घेऊन गेलं की दूध घेतलं जातं, ही गोष्ट संस्थेच्या बाजूनं मोठी आहे.

पायरी 4: खाजगीचं वर्षभराचं बघा, एका महिन्याचं नको

खाजगी डेअरीचा दर बाजाराबरोबर पळतो. कृश काळात, मार्च ते जुलैपर्यंत, दूध कमी असतं तेव्हा तो संस्थेच्या वर असतो. दूध वाढलं आणि दूध पावडर-बटरचा भाव पडला की सगळ्यात आधी तोच खाली येतो, आणि येतो म्हणजे रात्री व्हॉट्सॲपवर मेसेज, उद्यापासून 2 रुपये कमी. 2023 आठवत असेल सगळ्यांना, उन्हाळ्यात 34-35 च्या आसपास असलेला गाईच्या दुधाचा दर वर्षाअखेरीला 25 ते 27 च्या घरात आला होता. तेव्हा शासनानं 2024 मध्ये लिटरला 5 रुपये आणि पुढं 7 रुपये अनुदान दिलं, ते सहकारी आणि खाजगी दोन्ही ठिकाणी दूध घालणाऱ्यांना होतं, पण गाईच्या कानात टॅग, त्याची ऑनलाईन नोंद आणि पैसे बँकेतनं ह्या अटी होत्या. रतिबाच्या दुधाला त्यातलं काही मिळालं नाही. अशी योजना परत आली तर नोंद कुणाकडं आहे हे महत्त्वाचं ठरतं, म्हणून टॅग मारून घ्या आणि थोडं तरी दूध पावतीवर जाऊ द्या.

माझ्या वहीत एका वर्षाचं असं दिसतं: चार महिने खाजगी 1.30 नं पुढं. मग डिसेंबरपासून तीन महिने त्याचा दर 28 आणि संस्थेचा 29.50, म्हणजे माझ्या दुधाला तिथं 27.40 आणि इथं 29.60, लिटरला 2.20 नं मागं. उरलेले पाच महिने उन्नीस-बीस. दिवाळीचा फरक न धरताच हिशोब बरोबरीवर आला, तो धरला की संस्था पुढं.

पायरी 5: पैसे किती दिवस अडकतात ते रुपयात काढा

हा भाग नीट वाचा, लोक इथंच फसतात.

संस्थेचं बिल दहा दिवसांचं, 1 ते 10 चं बिल 14 तारखेला खात्यावर. म्हणजे दूध घातल्यापासून सरासरी 9 दिवसांत पैसे. खाजगीवाला पण सांगताना दहा दिवसांचंच सांगतो, पण माझ्याकडं 1 ते 10 चं बिल 30 तारखेच्या आसपास यायचं, म्हणजे सरासरी 24-25 दिवस. आणि घरोघरचं? लोक महिन्याचा हिशोब पुढच्या महिन्याच्या 8 तारखेपर्यंत देतात, म्हणजे सरासरी 23 दिवस. रतीब म्हणजे रोखीचा धंदा असं सगळ्यांना वाटतं, प्रत्यक्षात तो खाजगी डेअरीइतकाच उधारीचा धंदा आहे.

ह्या उशिराची किंमत कुठं लागते तर पशुखाद्याच्या दुकानात. मला महिन्याला 50 किलोची दहा पोती कांडी लागते. पंधरा दिवसांच्या आत पैसे दिले की रोखीचा भाव, महिनाभर थकलं की दुकानदार पोत्यामागं 40 रुपये जास्त लावतो, तोंडानं बोलत नाही, बिलात लिहितो. महिन्याला 400 रुपये, भागिले 1020 लिटर, म्हणजे लिटरला 39 पैसे. आता खाजगीचे 34.40 वजा 39 पैसे वजा काट्याचे 9 पैसे, राहिले 33.92. आणि संस्थेचे 34.10. चांगल्या महिन्यात सुद्धा ही अवस्था.

पण खरी भीती 39 पैशांची नाही, बुडण्याची आहे. त्यासाठी दुसरा आकडा काढायचा: कुठल्याही दिवशी आपले जास्तीत जास्त किती पैसे समोरच्याकडं पडून असतात. संस्थेकडं 14 दिवसांचं दूध, 34 लिटर, 33 रुपयांनी, साधारण 15,700. खाजगीकडं 30 दिवसांचं, साधारण 35,000. म्हणजे एका गाईच्या किमतीचा चांगला मोठा तुकडा एका माणसाच्या शब्दावर.

माझं एकदा अडकलंय. एका खाजगी केंद्रावर तीन बिलं थकली. केंद्रवाला गावातलाच, रोज तेच सांगायचा, "अण्णा, कंपनीकडनंच आलं नाही, मी काय खिशातनं देऊ?" आणि त्याचंही खोटं नव्हतं, त्याचे स्वतःचे कमिशनचे पण अडकले होते. शेवटी सात महिन्यांत हप्त्याहप्त्यानं दोन बिलं मिळाली, तिसरं अजून नाही. नंतर मागं वळून बघितलं तर खुणा आधीच दिसत होत्या. बिल आधी दोन दिवस उशिरा, मग पाच, मग अर्धंच. बँकेत यायचं ते रोख द्यायला लागले, तेही मोजून थोडं थोडं. संध्याकाळची टँकरची गाडी अंधार पडल्यावर यायला लागली. आणि सगळ्यात मोठी खूण म्हणजे आजूबाजूला सगळ्यांचा दर उतरत असताना ह्यांनी 2 रुपये वाढवला. आम्ही खूश. ज्याला दूध घट्ट धरून ठेवायचंय आणि पैसे लगेच द्यायचे नाहीत तोच असा दर देतो हे तेव्हा सुचलं नाही.

तेव्हापासून माझा नियम साधा आहे. बिलाची तारीख उलटून 7 दिवस झाले की संध्याकाळचं दूध दुसरीकडं वळवायचं, भांडण न करता. दुसरं बिल पण थकलं की सकाळचं पण. आणि खाजगीकडनं उचल घ्यायची नाही, कारण उचल घेतली की हे वळवणं बंद होतं. 50,000 उचल देतो म्हणणारा तुमचं दूध वर्षभरासाठी बांधून घेत असतो, आणि मग दर त्याचा, काटा त्याचा, फॅट त्याचं. घेतलीच तर किती महिन्यांत, लिटरमागं किती कापणार हे कागदावर घ्या आणि त्या कागदाची एक प्रत घरात ठेवा.

पायरी 6: रतिबाचा हिशोब, स्वतःची मजुरी धरून

आता घरोघरचं. मी सहा महिने रोज सकाळी 16 लिटर घेऊन विट्याला जायचो, 17 घरं, दर 54. ऐकायला किती छान, 34 च्या जागी 54. आता बघा त्या 16 लिटरचं काय होतं.

17 घरांचा ठरलेला रतीब 15 लिटरचा. पण रोज कोणीतरी गावाला गेलेलं, कुणाकडं पाहुणे गेले म्हणून "आज अर्धाच द्या", सुट्टीत तर पाच-पाच घरं बंद. सरासरी विक्री 13.5 लिटर. माप भरून ओतलं की वर एक धार घालावीच लागते, नाही घातली तर काकू पातेलं तसंच धरून उभ्या राहतात. एका घराला 30 मिली धरलं तरी 17 घरांत रोज अर्धा लिटर. आणि कॅनमध्ये 2 लिटर परत येतं, जे उन्हात दोन तास फिरलेलं असतं, ते संध्याकाळच्या ताज्या दुधात मिसळायचं नाही, सगळा कॅन नासवतं. त्याचं दही-ताक किंवा खवा, लिटरला 20 रुपये सुटले तरी नशीब.

महिन्याचं मांडू. 13.5 लिटर गुणिले 30 गुणिले 54, झाले 21,870. परत आलेल्या 60 लिटरचे 1,200. एकूण 23,070. आता खर्च. रोज गल्ल्या धरून 22 किलोमीटर फिरणं, पेट्रोल 50 रुपये रोज, म्हणजे 1,500. गाडीचं ऑइल, टायर, क्लच वायर धरून 400. कॅन, गाळणी, साबण 200. बुडीत: भाड्यानं राहणारं एखादं कुटुंब महिनाअखेरीला खोली सोडून जातं, वर्षाला 4,800 गेले असं धरून महिन्याला 400. एकूण 2,500. हातात राहिले 20,570, भागिले 480 लिटर, म्हणजे लिटरला 42.85.

अजूनही संस्थेपेक्षा पावणेनऊ रुपये जास्त, पण माझे रोजचे दोन तास कुठं गेले? तेच 480 लिटर संस्थेत घातलं असतं तर 34.10 नं 16,368 मिळाले असते. फरक 4,202. ते 60 तासांचे आहेत, म्हणजे तासाला 70 रुपये. म्हणजे ह्या रतिबात मी दूध जास्त दरानं विकत नव्हतो, मी तासाला 70 रुपयांवर दूध पोचवायची नोकरी करत होतो, तीही रविवारची सुट्टी नसलेली, पावसात पण. तुमच्याकडं सकाळचे दोन तास मोकळे असतील तर ती नोकरी वाईट नाही. तेवढ्या वेळात शेतात 100 रुपये तासाचं काम होत असेल तर तोटा आहे.

आता हेच गणित फिरतं कधी ते बघा. माझ्या पुतण्यानं 9 लिटर धरलं, तो रोज विट्याला नोकरीला जातोच, पेट्रोल तसंही जळतंच. एकाच कॉलनीतली आठ घरं, सगळी एका गल्लीत, कामावर जायच्या आधी पंचवीस मिनिटांत वाटून होतं. आणि त्यानं हिशोब आगाऊ केला: महिन्याच्या 1 तारखेला पैसे, कार्डावर 30 खुणा, घर बंद असेल तर खूण राहते आणि पुढच्या महिन्यात चालते. आगाऊ देणाऱ्याला 52, महिन्यानं देणाऱ्याला 54. आठातली सहा घरं आगाऊवर आली. त्याचं बुडीत जवळजवळ शून्य, आणि पैसे उशिरा यायच्या ऐवजी आधीच हातात. रतीब फायद्याचा ठरतो तो गिऱ्हाईकं जवळजवळ असली आणि रस्ता आपलाच असला तर. नाहीतर दर 60 लावला तरी पेट्रोलपंपच कमावतो.

रतीब घ्यायच्या आधी दोन कागदी गोष्टी. सहकारी संस्थेचा सभासद असून सगळं दूध संस्थेलाच घालणाऱ्या शेतकऱ्याला अन्नसुरक्षेच्या नोंदणीतनं सूट आहे. घरोघर विकायला लागलात की ती सूट लागू राहत नाही, foscos.fssai.gov.in वर छोट्या विक्रेत्याची नोंदणी करून घ्या. आणि गाईच्या दुधाला 3.2 फॅट, 8.3 एसएनएफ ही किमान मर्यादा आहे, त्यामुळं उन्हाळ्यात न मिसळलेलं दूध पण एखाद्या वेळी खाली जाऊ शकतं, अशा वेळी एकाच गाईचं न देता सगळ्या गायांचं एकत्र केलेलं दूध द्या.

दगडी झालेल्या गाईचं, किंवा सडात ट्यूब सोडलेल्या गाईचं दूध डॉक्टर सांगतील तितके दिवस वेगळंच ठेवायचं. डेअरीच्या टाकीत ते मिसळून जातं आणि कुणाला कळत नाही असं लोक समजतात (बरोबर नाही ते, पण समजतात), रतिबात मात्र ते एका घरातल्या एका लेकराच्या पेल्यात जातं.

पायरी 7: किती दूध कुठं, ते सगळ्यात कमी दुधाच्या महिन्यावरनं ठरवा

रतीब किती घरं धरायची हे आजच्या दुधावर ठरवू नका. वर्षातला सगळ्यात वाईट महिना आठवा, दोन गाया एकदम आटलेल्या, कडक ऊन. माझा तो महिना 15 लिटरचा होता आणि रतीब 15 चा. सकाळचं दूध 8 लिटर. मग काय, शेजारच्याकडनं 7 लिटर विकत घेऊन घालत होतो, 40 नं घेऊन 54 ला, आणि त्याच्या दुधाची खात्री मला नव्हती. एका वहिनींनी तिसऱ्याच दिवशी विचारलं, "दादा, गाय बदलली का? साय येत नाही." त्या महिन्यात चार घरं गेली, दुधाअभावी नाही, सायीमुळं.

म्हणून सगळ्यात वाईट महिन्यातलं सकाळचं दूध जेवढं, तेवढाच रतीब जास्तीत जास्त. माझ्याकडं तो 8 लिटर निघतो. आता मी स्वतः जात नाही, तेवढं पुतण्याच्याच कॅनमधनं जातं, त्याच्या गल्लीच्या शेजारच्या गल्लीत सात घरं मिळाली, लिटरमागं त्याला 5 रुपये देतो. बाकीचं सकाळचं 10 आणि संध्याकाळचं सगळं 16 संस्थेत, फरकाची अट मोडत नाही हे सेक्रेटरीला विचारून. यंदा मे महिन्यात खाजगीवाला परत दारात आला होता, 37 देतो म्हणाला. मी दरपत्रकाचा फोटो मागितला. पाठवतो म्हणाला, अजून आला नाही.